कापलेला खोकला

मोठा भाऊ गेल्यावर वहिनींनी धुळ्याच्या कॉलेजातल्या त्याच्या शेवटच्या व्याख्यानाचा फक्त आवाज मागितला. व्हिडिओतला चेहरा त्यांना पाहवत नव्हता. मी जळगावला बातमीदार. सवयीने खोकला आणि अवांतर वाक्यं कापून एमपीथ्री पाठवली.

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मुलं मध्येच कशाला हसली?"

मग मूळ व्हिडिओतला ऑडिओ पुन्हा एन्कोड न करता जसाच्या तसा एमफोरए फाईलमध्ये काढून पाठवला. काही सेकंदांचं काम होतं. त्यात भाऊ बराच वेळ खोकतो आणि विद्यार्थ्यांना म्हणतो, "घरी सांगू नका रे, काढा प्यावा लागेल."

वहिनी आता तेवढंच ऐकतात. काल म्हणाल्या, "खरंच कोणी सांगितलं नाही हो मला."