अठरा वर्षांचा फरक

वय चोरणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या. वाढवून सांगणारी मात्र मी एकटीच असेन. लग्न झालं तेव्हा मी तेवीसची होते आणि हे एक्केचाळीसचे. तीन बहिणींची लग्नं उरकता उरकता यांचं स्वतःचं राहून गेलं होतं. मला माणूस पहिल्या भेटीतच आवडला, पण गावात काय सांगायचं, हा प्रश्न माझ्या आईला पडला. तोडगाही तिनेच काढला. पोरीचं वय सात वर्षांनी वाढवून सांगायचं. तिशीची घोडनवरी होती, असं लोक म्हणाले तरी तिला चालणार होतं. पोरगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली, एवढं तेवढं नको होतं.

ते खोटं आमच्या भांड्याकुंड्यांबरोबर बोरिवलीला आलं आणि सोसायटीत कायमचं राहिलं. आज मी चव्वेचाळीसची आहे आणि सोसायटीच्या लेखी एक्कावन्नची. बायका विचारतात, तुझी कातडी अशी कशी गं राहिली, आणि मी गंभीर चेहऱ्याने खोबरेल तेल सांगते. पाळी जाताना काय होतं, याचे सल्लेही मी दिलेत, माझा स्वतःचा अनुभव शून्य असताना. हे मनापासून हसायचे, पण बाहेर कुणी वय काढलं की यांचे कान लाल व्हायचे. इतक्या वर्षांनीही त्यांना वाटायचं की आपण माझं काहीतरी लुबाडलंय.

गेल्या वर्षी यांच्या छातीत स्टेंट बसला. घरी आल्यावर आठवड्याने एका सकाळी चहा पिताना म्हणाले की आता तुझं बघायला हवं. आम्हाला मूलबाळ नाही. गोरेगावच्या औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांना जी पेन्शन सुरू झाली तिच्यात गॅस आणि लाइटबिल भागतं, आणि यांच्यामागे मला तिच्या निम्मी. मी ब्लाउज शिवते, पण डोळे काही जन्माला पुरत नाहीत. तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी भरून जन्मभराची पेन्शन विकत घ्यायची, असं ठरलं. तिसऱ्या मजल्यावर एक विमा एजंट राहतात. यांना ते काका म्हणतात आणि मला काकू, मुळात माझ्याहून वर्षाने मोठे असूनही.

ते कागद भरायला आले त्या संध्याकाळी मी अस्तराचं कापड आणायला गेले होते. परत आले तर हे एकदम खुशीत. काम झालं, म्हणाले, सगळीकडे तुझंच नाव आहे.

पॉलिसी कुरिअरने आली आणि बाराव्या दिवशी मी ती वाचायला घेतली. मला कागद वाचायची खोड आहे, शेंगदाण्याच्या पुडीचाही वाचते. दुसऱ्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं की पेन्शन फक्त यांच्या हयातीपर्यंत. पुढे ती बंद, आणि भरलेली रक्कम कुणालाही परत मिळणार नाही. मी ते तीनदा वाचलं. साधी सर्दी यांच्या जिवावर बेतली तरी मी रस्त्यावर, असा त्याचा अर्थ होता.

हे मोरीत बसून बोंबील साफ करत होते. मी कागद पुढे धरला. ते म्हणाले, अगं, नॉमिनी तूच आहेस ना, म्हणजे आपसूक तुला सुरू होईल. मी एजंटना फोन लावला. ते म्हणाले, नॉमिनीला फार तर थकलेला एखादा हप्ता मिळेल, पेन्शन नाही. नवराबायको दोघांच्या नावाची जोड पेन्शन त्यांनी आधी दाखवली होती. एक गेलं की दुसऱ्याला शेवटपर्यंत तेवढीच. पण काका म्हणाले, नको, बायकोचं तिचं तिचं आहे.

फोन ठेवला आणि यांच्याकडे बघितलं. यांनी नळ बंद केला.

"तो म्हणाला, जोड घ्यायची तर काकूंचं आधार कार्ड द्या," हे म्हणाले. "त्यावर जन्मतारीख आहे."

मी चिडले. आमच्या संसारात एवढी कधी चिडले नव्हते. तिसऱ्या मजल्याने तारीख बघू नये म्हणून तुम्ही माझी तीस वर्षं सोडून दिलीत, असं बरंच काही बोलले. यांचे हात तसेच ओले, बुळबुळीत. नॉमिनीत आपलं भागतंय असं त्यांना खरंच वाटलं होतं, लबाडी त्यात नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त रडू आलं. त्या रात्री बोंबील कुणी खाल्ले नाहीत.

सकाळी एजंट स्वतः वर आले. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत पसंत नाही म्हणून परत करता येते, स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कापून पैसे मिळतात आणि नवी घेता येते, असं त्यांनी सांगितलं. मी आधार कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तारीख बघितली, मग मला बघितलं, आणि चहा न घेताच निघाले. जोड पेन्शनचा आकडा संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर पाठवला. महिन्याला साडेपाच हजारांनी कमी. बायको जितकी लहान तितकी कंपनी जास्त वर्षं पैसे देणार, म्हणून आकडा खाली. मी म्हटलं, माझ्यासाठी निम्मी ठेवा, तुमच्या हातात जरा जास्त येतील. यांनी ऐकलं नाही. मासे कमी खाऊ, म्हणाले, आणि मासे कमी खाऊ म्हणणारा हा माणूस मालवणचा.

विमा कंपनीची शाखा दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद. हे प्रत्येक वळणावर थांबत चढले. परतीचे पैसे खात्यात आले होते आणि आता नवा फॉर्म होता. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही तारखा वाचल्या आणि वर बघून विचारलं, या तुमच्या पत्नीच ना? एजंट शेजारीच उभे होते. यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे उठतात.

"पत्नीच," हे म्हणाले. "मी अठरा वर्षांनी मोठा आहे. ही मागे पुष्कळ वर्षं राहणार, म्हणून आलोय."

बाई मग नीट समजावू लागल्या. यांच्यामागे मी मृत्यूचा दाखला आणि माझं बँक खातं कळवायचं, की पेन्शन माझ्या नावावर सुरू. त्यानंतर मी हयात आहे याचा पुरावा मात्र वरचेवर द्यायचा. मी मान डोलवत होते. हे मध्येच म्हणाले, एक विचारायचंय.

"तो पुरावा द्यायला हिला इथे यावं लागेल का? ऐंशीची झाली तरी? जिना फार उंच आहे."

मोबाइलवरून घरबसल्याही देता येतो, असं बाई म्हणाल्या. यांनी ते दोनदा विचारून घेतलं, मग सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मला फॉर्मवरची रेघ दिसेना. मी ऐंशीची होईन तेव्हा हे नसणार, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्या जिन्यावरून मला हात धरून खाली उतरवायचं यांनी आताच उरकून घेतलं होतं.