मेघाचा करार आणि हळदवाले तीन भाऊ

समुद्रपूरच्या हळदवाल्या तिघा भावांची वेबसाइट चालू झाली त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले, आणि त्या संध्याकाळपासून वर्ध्यात मेघाच्या जेवणाचा विचका झाला.

मेघा वेबसाइट बनवते. नागपुरात दोन वर्षं नोकरी केली, मग घरीच पुढच्या खोलीत टेबल मांडलं. दवाखान्याची, शिकवणी वर्गाची, एका ट्रॅक्टरवाल्याची अशी छोटी कामं करत करत तिला ‘आनंदा हळद’ मिळाली. आनंदाबाई ही या तिघांची आई. तिचा फोटो पुडीवर छापलेला. अण्णाजी थोरले, गुलाबराव मधले, पियुष धाकटा. हळद एक, गिरणी एक, पुडी एक, पण मालक तीन.

मेघाची आई पौर्णिमाबाई. बी.ए. झालेल्या, पतसंस्थेत नोकरी केलेल्या, लेकीच्या बाबतीत मात्र सदा जीव टांगणीला. मेघा जेवायला बसली की यांची नजर पोरीच्या ताटावर, आणि ताटाशेजारच्या फोनवर. फोन थरथरला की मेघाच्या आधी यांचा हात तिकडे जायचा.

“मेघा बेटा, अण्णाजी बोलून राह्यलो. ते मिरची पावडर काढून टाक बरं साइटवरून. माल संपला.”

मेघा घास तसाच ठेवून उठायची, काढायची. ताक भुरकेपर्यंत गुलाबरावांचा फोन.

“काऊन काढली व मिरची? उद्या माल येऊन राह्यला ना! लाव वापस.”

लावायची. मग पियुषभाऊ. हे मॉडर्न. यांना मिरचीशी देणंघेणं नव्हतं. यांना मुखपृष्ठावर स्वतःचा नंबर आणि स्वतःचा फोटो हवा होता. गॉगल घातलेला. हळदीच्या पुडीशेजारी गॉगल कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

हा तमाशा पौर्णिमाबाई रोज बघायच्या आणि रोज म्हणायच्या, “जाऊ दे व, भांडू नको. बांधलेलं गिऱ्हाईक आहे.” पोरीचं काम बुडेल ही एक भीती, पोरगी आजारी पडेल ही दुसरी. दोन्ही भीती एकमेकींशी भांडायच्या आणि बाईंना झोप लागायची नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याने साइटवरून मिरचीची मोठी ऑर्डर टाकली, पैसेही भरले. माल नव्हताच. गुलाबरावांचा ‘उद्या’ उगवलाच नव्हता. हॉटेलवाल्याने अण्णाजींना फोनवर झापलं, अण्णाजींनी मेघाला.

“तुले मी काढायले सांगतली होती ना! काय करून राह्यली तू तिकडं बसून?”

“काका, गुलाबकाकांनी परत लावायला सांगितली.”

“गुलाब कोण सांगणारा?”

आता गुलाबराव कोण, हे गुलाबरावांच्या सख्ख्या भावाला वर्ध्याच्या पोरीने सांगायचं! मेघाने फोन ठेवला आणि आईला म्हणाली, “आई, साइट बनवून दिल्यावर एक महिना माझ्या चुका मी फुकट दुरुस्त करीन असं ठरलं होतं. तो महिना झाला. आता देखभालीचा करार केल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही. त्यांनी सही केली तर ठीक, नाहीतर पासवर्ड देऊन मोकळी.”

पौर्णिमाबाईंचा चेहरा उतरला. “मीपण येतो,” त्या म्हणाल्या. सत्तावीस वर्षांच्या पोरीबरोबर धंद्याच्या बैठकीला आई! मेघाने कपाळाला हात लावला, पण नेलं.

हिंगणघाटला बस बदलून दोघी समुद्रपूरला उतरल्या. गिरणीच्या मागच्या खोलीत बैठक. खुर्च्या पिवळ्या, पंखा पिवळा, भिंतीवरचं कॅलेंडर पिवळं. तिघे भाऊ तीन भिंतींना टेकून बसले होते, म्हणजे कोणी कोणाच्या शेजारी बसलं असं व्हायला नको. चहा आला. तोही तिघांनी वेगवेगळा सांगितला होता. दहा कप जास्तीचे आले.

मेघाने दोन पानी आराखडा काढला आणि वाचायला घेतला.

“पूर्ण करार याच्यावरून टाइप करीन. आधी मुद्दे ऐका. रोज साइटची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी साठवली जाईल. साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या नव्या आवृत्त्या मी आधी साइटच्या नकलेवर लावून बघीन, मग खऱ्यावर. साइट बंद पडली किंवा पैसे भरणं अडलं, तर दिवसा दोन तासांत मी काम सुरू करीन. माल, भाव, फोटो असे किरकोळ बदल महिन्याला चार तासांपर्यंत, दोन कामाच्या दिवसांत. रविवारी नाही. रात्री नाही.”

“रात्री काऊन नाई?” पियुष म्हणाला. “इंटरनेट तर रात्री बी चालू राह्यते.”

“इंटरनेट राहते, मी झोपते.”

“उरलेले तास पुढच्या महिन्यात जमा?” गुलाबराव.

“नाही. नवं पान बनवणं, फोटो काढणं, मजकूर लिहिणं यात येत नाही, त्याचं आधी वेगळं ठरवायचं. साइटचं नाव आणि होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवली ती जागा, तुमच्या नावावर आहे. त्याचं नूतनीकरण तुम्ही भरायचं, आठवण मी देईन. दुसऱ्या कोणी आत घुसून बिघडवलं तर ती दुरुस्ती वेगळी. फी दर महिन्याला आगाऊ. कोणालाही करार सोडायचा असेल तर एक महिन्याची लेखी सूचना, आणि जाताना सगळे पासवर्ड अन् शेवटची प्रत मी तुमच्या हाती देईन.”

अण्णाजी गालातल्या गालात हसले. “पोरी, साइट बनली ना आता? घर बांधल्यावर गवंड्याले कोणी दर महिन्याले पगार देते का?”

“काका, तुमची गिरणी बसवली तेव्हाच तिची देखभालही संपली का?”

पुढे गिरणीचा पट्टा खडखडत होता. अण्णाजींनी विषय बदलला. फीवर घासाघीस झाली, दोनदा, आणि मिटली. या लोकांना पैसे द्यायचं दुःख नसतं, घासाघीस केल्याशिवाय द्यायचं असतं. पौर्णिमाबाईंना वाटलं, झालं. त्यांनी पर्समधून पेनही काढून दिला.

मग मेघाने शेवटचा मुद्दा वाचला. “कोणताही बदल तुमच्यापैकी एकच व्यक्ती सांगेल. ईमेलवर, लेखी. त्या एकाचं नाव इथे लिहायचं आहे.”

तिघांनी एकदम पाठ भिंतीपासून सोडवली. फीच्या वेळी कोणी एवढं ताठ बसलं नव्हतं.

“लिही, अण्णाजी,” अण्णाजी म्हणाले. “थोरला मी हाव.”

“थोरले तुम्ही, पण ऑनलाइनचं काम कोन पाह्यते?” पियुष उसळला. “तुम्हाले ईमेल करता येते का, दादा?”

“ईमेल माहा पोरगा करून देईन.”

“मंग पोराचं नाव लिहा ना! बाकीच्यायनं घरी बसा!”

गुलाबराव या नावाच्या वादात अजून बोलले नव्हते. आता बोलले, अगदी मऊ आवाजात. “दोघायचं राहू द्या. भांडण नको. माहं लिही, मेघा.”

झालं. तिघे उभे राहिले. बापाच्या वेळची बैलजोडी निघाली, पियुषच्या लग्नातला मंडप निघाला, कोणाच्या बायकोने कोणाच्या बायकोला काय म्हटलं तेही निघालं. मेघा आराखडा मांडीवर धरून बसली.

“तिघायचं लिही,” शेवटी अण्णाजी घाम पुसत म्हणाले. “तीन भाऊ, एकच जीव.”

“नाही, काका. तिघांचं लिहिलं तर करार कशाला?”

“मंग नाई होत,” अण्णाजी म्हणाले, आणि इतर दोघांनी मान हलवली. तासाभरात तिघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मेघाने कागद घडी करून पिशवीत घातले. “ठीक. परवापर्यंत पासवर्ड आणि प्रत पाठवते.” तिचा आवाज स्थिर होता, पण पिशवीची चेन तिने दोनदा लावली, दोनदा उघडली, आणि ते आईशिवाय कोणाला दिसलं नाही.

पौर्णिमाबाईंच्या आत इतके दिवस साचलेलं सगळं त्या पिशवीकडे पाहून उफाळलं. भांडू नको म्हणणारी बाई खुर्चीतून उठली.

“अहो, लाज वाटते का तुम्हाले? माही पोरगी तुमच्या मिरचीपायी दोन घास सुखानं खात नाही. काढ म्हणता, लाव म्हणता, अन् वरून तिलेच शिव्या! एवढे शहाणे आहा तर लावा ना पाळ्या, सामायिक विहिरीच्या पाण्यासारख्या! या महिन्यात याचं राज्य, पुढच्या महिन्यात त्याचं. लेकरं बी असं करत नाहीत!”

बाईंना वाटलं, आपण काम बुडवलं. आता हे आपल्याला हाकलणार.

तिघे एकमेकांकडे बघत होते. अपमान कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

“पाळी चांगली हाय,” गुलाबराव म्हणाले.

“शेतात चालते, इथं बी चालन,” अण्णाजी म्हणाले. “पहिली पाळी थोरल्याची.”

“धाकट्यापासून चालू करा!”

“मंग मधल्यापासून,” असं कोण म्हणालं ते सांगायला नको.

चिठ्ठ्या टाकल्या. गिरणीत पुड्या भरणाऱ्या बाईला बोलावून तिच्या हातून उचलल्या. मेघाने खाली पेनने कलम लिहिलं: ‘त्या त्या महिन्याच्या पाळीदाराचीच लेखी सूचना मानली जाईल. पाळी नसलेल्यांनी आपलं म्हणणं पाळीदाराला सांगावं.’ तिघांनी सही केली. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा मोठी.

परतीच्या बसमध्ये पौर्णिमाबाई म्हणाल्या, “लय बोलली का मी?”

“आई, तू कलम लिहिलंस,” मेघा म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून हिंगणघाटपर्यंत झोपली.

करार चालू आहे. पहिला महिना गुलाबरावांचा होता. पहिल्या रात्री अण्णाजींचा फोन आला. मेघाने स्पीकर लावला, “काका, गुलाबकाकांना सांगा ना,” म्हणाली आणि वरणात पोळी कुस्करली. “गुलाबले? मी फोन करू?” तिकडून आलं. आपल्या सख्ख्या भावाला, एका अंगणापलीकडच्याला, फोन करायचा म्हणजे केवढं संकट! मग फोन कटला, आणि तेव्हापासून जेवणाच्या वेळी आला नाही.

साइटवर मात्र बघण्यासारखं असतं. दर महिन्याच्या एक तारखेला ईमेल येतो आणि आनंदाबाईंशेजारचा फोटो बदलतो. गुलाबराव जातात, गॉगल येतो. गॉगल जातो, फेटा बांधलेले अण्णाजी येतात. मिरची निघते, मिरची लागते. आधीच्याने केलेलं पुसण्यातच पाळीदाराचे चार तास संपतात. मेघा ते इमानाने करते, ईमेलला उत्तर देते, महिनाअखेरी कामाचा अहवाल पाठवते. हळद किती विकली हे तिला कोणी सांगत नाही. भाऊ एकमेकांनाही सांगत नसावेत.

पौर्णिमाबाई एक तारखेला मुद्दाम साइट उघडून बघतात. “या महिन्यात कोनता गाढव आहे?” असं विचारतात, आणि पोरीला आणखी एक पोळी वाढतात.