टाकीवरच्या तीन तारा

सेवानिवृत्त झाल्यापासून मी किती अर्ज लिहिले, याची नोंद ठेवलेली नाही. तलाठी कार्यालयापासून ग्राहक मंचापर्यंत सर्वत्र माझे हस्ताक्षर ओळखतात आणि ते दिसताच चेहरे कसे होतात, हेही मला ठाऊक आहे. त्याची खंत नाही. आयटीआयमध्ये तीस वर्षे विजेचे काम शिकवताना मी मुलांना एकच गोष्ट बजावत आलो: आधी मोजा, मग बोला. या देशात आधी बोलतात, मग कागद करतात आणि मोजत कोणीच नाही. माझा सारा राग या एका वाक्यात मावतो. पण ज्या प्रकरणाविषयी आज लिहीत आहे, त्यात हा राग पुरेसा नाही.

राळेगाव तालुक्यातील आमच्या गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिचा पंप चालू-बंद करायला मानधनावर एक माणूस होता. वय पस्तिशीचे, घरी बायको आणि दम्याने बेजार झालेली एक मुलगी. कधीकाळी तो माझा विद्यार्थी होता. परीक्षा अर्धी सोडून गेलेला, पण हाताने नेटका. टाकीवर ठेकेदाराने एक सेन्सर बसवला होता. टाकीच्या बाजूने पारदर्शक प्लास्टिकची नळी उभी होती, तिच्यात टाकीइतकेच पाणी चढे आणि नळीच्या वरच्या टोकाला सेन्सर आवळलेला होता. पाणी तिथवर पोचले की सेन्सरने खाली पंपघराला इशारा द्यायचा आणि पंप आपोआप थांबायचा. उन्हाळ्यातल्या एका वावटळीत सेन्सरची केबल तुटली. ठेकेदाराचा वायरमन येऊन नवी टाकून गेला आणि त्या दिवसापासून सेन्सर मुका झाला. टाकी दोनदा ओसंडून वाहिली. ठेकेदाराने लेखी कळवले की केबल व वीजपुरवठा व्यवस्थित असून, पंपचालकाने वायर ओढल्यामुळे सेन्सर निकामी झाला आहे. पंचायतीने पंपचालकाला नोटीस दिली: सात दिवसांत खुलासा करा, अन्यथा सेवा समाप्त.

ती नोटीस घेऊन तो माझ्या ओसरीवर आला.

"सर, म्या हातबी नाही लावला त्याले. तुम्ही खुलासा लिहून द्या."

"खुलासा नंतर. आधी मोजू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन मल्टिमीटर घेऊन गेलो आणि सोबत दोन पंच नेले. एक माझे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. दुसरा किराणा दुकानदार. पंचांशिवाय मोजलेल्या आकड्याला कायद्यात किंमत नसते, असे माझे मत होते. सरपंचही आले, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून.

"मास्तर, एवढी वरात कायले? दोन वायरीचं तं काम हाय."

"दोन वायरींसाठी तुम्ही एका माणसाची भाकरी काढता आहात," मी म्हणालो.

"भाकर कोण काढते, बाप्पा? सही करतो म्या फक्त."

मी प्रत्येक मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवली. मीटर किंचाळले, म्हणजे मीटर ठीक. आधी पंपघरातल्या पेटीत पाहिले: चोवीस व्होल्ट डीसी, पूर्ण. मग पुरवठा बंद करून केबलमधल्या लाल, काळी आणि हिरवी अशा तिन्ही शिरा दोन्ही टोकांना मोकळ्या केल्या. पंपचालक टाकीवर चढला. वर त्याने लाल आणि काळी शीर एकत्र पिळली की खाली त्या दोघींवर मीटर वाजे. सोडली की गप्प होई. काळी-हिरवीचेही तसेच. शीर कुठे तुटलेली नव्हती आणि आपापसात चिकटलेलीही नव्हती. ठेकेदाराचे केबलविषयीचे म्हणणे खरे निघाले. पोस्टमास्तरांनी ते वहीत लिहून घेतले. केबल होती तशी जोडली, पुरवठा सुरू केला, एक मीटर खाली इशाऱ्याच्या हिरव्या शिरेवर लावून दुकानदाराला त्यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि दुसरे घेऊन वयाला न शोभणारी ती शिडी मी स्वतः चढलो. वर केबल आणि सेन्सर जिथे जुळतात त्या जोडपेटीत लाल आणि काळीमध्ये तेवीस पूर्णांक आठ व्होल्ट मिळाले. म्हणजे वीज वरपर्यंत येत होती. हेही ठेकेदाराचे खरे. मग मी नळीऐवजी सेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला, कारण अशा सेन्सरला पाणी आणि हात सारखेच. खालून दुकानदार ओरडला, "काही नाही जी! काटा जागचा हालत नाही!" काटा कुठला, आकडे होते, पण अर्थ पोचला.

वीज वर जाते, इशारा खाली येत नाही; म्हणून सेन्सर मेला. ठेकेदाराचा निष्कर्ष इथेच थांबला होता. दोन खरी मापे आणि त्यांवर उभे केलेले एक खोटे.

मी चष्मा पुसून जोडपेटीत पाहिले. सेन्सरच्या स्वतःच्या तीन तारा होत्या: तपकिरी, निळी, काळी. अशा सेन्सरमध्ये तपकिरी अधिक, निळी शून्य आणि काळी इशाऱ्याची. सेन्सरच्या अंगावर तसे छापलेलेही होते. पण ठेकेदाराचा वायरमन घराच्या फिटिंगवर तयार झालेला. त्याच्या लेखी लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हा धर्म. त्याने केबलची काळी, जी खाली शून्यावर होती, सेन्सरच्या काळीला जोडली आणि उरलेली निळी इशाऱ्याच्या हिरव्या शिरेला. जे चोवीस व्होल्ट तपकिरी आणि निळीमध्ये उभे राहायचे, ते तपकिरी आणि काळीमध्ये उभे होते. काळीला काळी. रंग जुळला म्हणून काम जुळले, असे त्याला वाटले असणार.

पुरवठा बंद करून मी त्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि पुन्हा सुरू केला. तळहात धरला. खाली पेटीतला, पंप थांबवणारा रिले टक् असा वाजला. वर ऐकू आला नाही, पण दुकानदाराची आरोळी आली. हिरव्या शिरेवर जवळपास तेवीस. हात काढला, शून्य. पुन्हा धरला, पुन्हा तेवीस. सेन्सर धडधाकट होता. पंपचालक माझ्या शेजारी कठड्याला धरून बसला होता. तो हसला. त्याला परीक्षेच्या काळानंतर मी हसताना पाहिले नव्हते.

त्यानंतर मी पुरवठा बंद करायला सांगितले, त्या दोन तारा सोडल्या आणि वायरमनने जशा लावल्या होत्या तशाच, चुकीच्या, परत लावल्या.

"सर? बरोबर लागलं होतं नं. मंग काहून काढून राह्यले?"

"पुरावा आहे हा," मी म्हणालो. "पाणीपुरवठा कार्यालयाचा अभियंता येऊन डोळ्यांनी पाहील तेव्हाच तुझा दोष पुसला जाईल. आपण दुरुस्त केले तर ते म्हणतील, बिघाड नव्हताच."

हे मी उगाच म्हणालो नव्हतो. माझ्या शेताचा बांध शेजाऱ्याने फोडला, तेव्हा मोजणीपूर्वी मी तो बांधून घेतला होता. आणि अधिकाऱ्याने मला विचारले होते, फुटला होता कुठे? त्या प्रश्नाने मी दोन वर्षे जळत होतो. जोडपेटीवर कागदाची पट्टी चिकटवून मी त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. पंचनामा केला, छायाचित्रे जोडली. सरपंच जाताना म्हणाले, "मास्तर, तुमची टाकी तं कोर्टात भरते."

त्या रात्री मी समाधानाने झोपलो. हे नमूद करणे आवश्यक आहे.

खुलासा मीच लिहिला आणि तपासणीचा अर्ज यवतमाळच्या त्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच मिळाली, अभियंता मिळाला नाही. सात दिवस गेले, पंधरा गेले. नोटिशीवरचा निर्णय अर्जामुळे थांबला होता, म्हणून मी पंपचालकाला धीर देत होतो. तो मात्र रोज दोन वेळा टाकी भरेस्तोवर तिच्या पायथ्याशी बसून असे, कारण यंत्र मुके होते. मीच ठेवले होते. एकदा दुकानावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, त्या दोन वायरी म्या फिरवू का? कोणाले नाही सांगत."

"सील तोडलेस तर मी तुझ्या बाजूने उभा राहू शकणार नाही," मी म्हणालो.

त्याने फिरवल्या नाहीत. माझा शब्द त्याने पाळला, हे मला आजही सहन होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पंप चालू असताना त्याच्या मुलीला धाप लागली. तो पंप चालूच ठेवून तिला मोटारसायकलवर राळेगावला घेऊन गेला. बंद करायचे सुचले नाही. टाकी ओसंडली. पाणी उतारावरच्या अंगणवाडीत शिरले आणि मुलांच्या खाऊचा साठा भिजला. ग्रामसभेत लोक ओरडले आणि त्यांचे ओरडणे चूक नव्हते. नवी नोटीस आली. तिच्यात सेन्सरचा उल्लेखच नव्हता: कर्तव्यावर असताना जागा सोडली. ते खरे होते. मोजता येईल इतके खरे. त्याला काढले.

मग ठेकेदाराचा माणूस आला. त्याने सील फाडले आणि तारा बदलल्या. कदाचित माझ्या पंचनाम्यावरूनच त्याला चूक कळली असावी. अभियंता त्यानंतर अकराव्या दिवशी आला, पाच मिनिटे थांबला आणि शेरा लिहून गेला: सेन्सर कार्यरत, बिघाड आढळला नाही. मी त्याच्यासमोर छायाचित्रे धरली. तो म्हणाला, "फोटोत व्होल्टेज दिसत नाही, काका."

मी अपील तयार केले. चौदा पानांचे. ते घेऊन मी पंपचालकाला शोधत गेलो, तर तो एकाच्या वावरात सोयाबीनवर फवारणी करत होता, पाठीवर फवारणीचा पंप. मी कागद पुढे केले, पेन काढले. त्याने हात पुसले, पण पेन घेतले नाही.

"सही नाही करत, सर."

"का? तुझी बाजू भक्कम आहे."

"काहून म्हंजे? त्याच्यात ठेकेदाराचं लिहिलं, वायरमनचं लिहिलं, सरपंचाचं लिहिलं." त्याने पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "तुम्ही वायरी बरोबर लावल्या अन् मंग उलट्या लावून खाली उतरले. थे लिहिलं का?"

मी लिहिले नव्हते. चौदा पाने पुन्हा चाळण्याची गरज नव्हती.

"पोरगी कशी आहे?" मी विचारले.

"बरी हाय," तो म्हणाला आणि पंपाचा दांडा मारत पुढच्या ओळीत गेला.

अपील अजून माझ्या कपाटात आहे, सहीविना. त्यात पंधरावे पान जोडण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी 'प्रति, मा.' इथवर येऊन थांबतो, कारण ते कोणत्या कार्यालयाला पाठवायचे, हे मला कळत नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो, तेही पंचांशिवाय: त्या सकाळी सुमारे पाच मिनिटे यंत्र दुरुस्त होते आणि ते बिघडवणारे हात माझे होते.