बर्फात ठेवलेला फोन

आमच्या घरी काहीही तापलं की आई बर्फाकडे धावते. मुरबे गावात मासळी विकणाऱ्या बाईचा दुसऱ्या कशावर विश्वास बसणार? म्हणूनच या उन्हाळ्यात कारखान्यातल्या तिघा मित्रांना घरी बोलावणं मी टाळत होतो. पण त्यांच्या बोईसरच्या खोलीतलं इंटरनेट बंद पडलेलं, आणि आमच्या मोबाइल गेमचा शेवटून दुसरा सामना त्याच दुपारी. हरलो तर स्पर्धेतून बाहेर. नाइलाज होता. खरं सांगायचं तर मला वासाची लाज वाटत होती.

पत्र्याखाली खेळायला बसलो. माझ्या फोनला जाडजूड रबरी कव्हर, शिवाय तो चार्जरला लावलेला. थोड्याच वेळात तो हातात धरवेना. स्क्रीन आपोआप मंद झाली, गेम अडखळू लागला, मी नेम धरीपर्यंत समोरचा पसार.

"तेरी वजह से हारेंगे," एक मित्र म्हणाला. मी नेटला शिव्या घातल्या.

पहिली फेरी गेली. दुसरीआधी जरा उसंत होती, म्हणून फोन तिथेच टाकून तोंड धुवायला गेलो. परत आलो तर आई पापलेटच्या थर्माकोलच्या पेटीतून माझा फोन काढून पदराला पुसत होती.

"लय तापला होता," ती कौतुकानं म्हणाली. "मासली टिकते बर्फात, ह्यो नाय टिकायचा?"

फोन गारठलेला होता. बाहेरच्या दमट हवेत बघता बघता कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं धरलं, स्क्रीन लुकलुकली आणि विझली. एका मित्रानं तो हुंगून पाहिला. तिघेही खो खो हसले.

"दिमाग है क्या तुझमें?" मी आईवर ओरडलो. हिंदीत, त्यांना समजावं म्हणून. तिच्याशी मी जन्मात हिंदी बोललो नव्हतो.

"मला वाटला..." एवढंच म्हणून ती आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. सामना आम्ही हरलो.

बोईसरच्या दुरुस्तीवाल्यानं फोन उघडून वाळवला. थंड फोनवर हवेतली वाफ धरते आणि आत त्याचं पाणी बनतं, म्हणाला. मग विचारलं, "खेळताना चार्जिंगला लावला होता? कव्हरसकट?" गेमनं प्रोसेसर तापतो, चार्जिंगनं बॅटरी. कव्हर ती उष्णता कोंडून धरतं, मग फोन स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. चार्जर काढायचा, कव्हर काढायचं, पंख्याखाली थोडा वेळ ठेवायचा, एवढंच काम होतं. मी मान खाली घालून ऐकलं.

हे सगळं घरी येऊन आईला सांगायचं ठरवलं होतं. पण नुसतं कव्हर काढलं आणि फोन पंख्याखाली ठेवला. आता फोन वाजला की ती दारातूनच हाक मारते, हात पाठीमागे धरून.

"तुजा फोन वाजते," म्हणते. "मी हात नाय लावला."