एका जागेला दोन शब्द

गावच्या वनहक्क दाव्याला जंगलाची जुनी इंग्रजी नोंद जोडायची होती. तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात पदवीधर मी एकटीच. कचेरीतून पानांचे फोटो मोबाईलवर थोडे थोडे येत.

"पोरी, शब्द वहीत मांडून ठेव," ग्रामसभेचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले.

"भाऊ, बी.ए. झाली मी. माह्या डोक्यात राह्यते सारं."

"मंग डोक्सं सांभाळजो," ते हसले.

त्यांना एकच हवं होतं. जंगलखात्याच्या कुंपणात गेलेली, माणसं पुरायची जागा परत मिळावी. त्यांची बायको तिथंच पुरलेली होती.

आधीच्या पानांवर मी त्या जागेला 'दफनभूमी' लिहिलं, महिन्याभरानं आलेल्या पानांवर 'मसणवट'. इंग्रजीत शब्द एकच होता. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "या दोन जागांपैकी तुमची कोणती?" दावा दुरुस्तीला परत आला.

तेव्हा वही केली. इंग्रजी शब्द, त्याला एकच मराठी शब्द, पुढे पान क्रमांक. पहिल्या पानापासून सगळं पुन्हा तपासलं. कोणता शब्द ठेवू, हे विचारायला भाऊंकडे गेले, तर लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. मी गावाच्या तोंडचा 'मसणवट' ठेवला.

पुढच्या सुनावणीत कोणी काही विचारलं नाही. जागा गावाला मिळाली. भाऊंना त्याआधीच शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, पुरलं होतं.