'माय पेन राय' म्हणून झाल्यावर

सोलापूर सोडलं तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि टॉवेल जास्त होते. टॉवेल माझ्या यंत्रमागांवर विणलेले, पण बाजारात जातात गावातल्या एका शेठचं लेबल लावून. राबायचं मी, नाव त्यांचं. ही सल मी कित्येक वर्षं पोटात घेऊन हिंडतोय. बँकॉकात मसाजची दुकानं चालवणाऱ्या मालीबाईंनी फोनवर नमुने पाहून बोलावलं, तेव्हा वाटलं, आता माझ्या नावाचा माल जाणार.

बायको सुरेखा माळशिरसची. ती म्हणाली, "मी बी येते. एकट्याला सोडलं तर तितं कुणाशी तरी भांडून याल की."

बँकॉकमधली पहिली सकाळ रस्त्याकडेच्या गाडीवर गेली. ठेंगणी टेबलं, प्लास्टिकची स्टुलं आणि वाडग्यात तांदळाच्या शेवया घातलेला वाफाळता रस्सा. माझं कोपर लागून तो रस्सा शेजारच्या आजीबाईंच्या मांडीवर सांडला. मी हात जोडले. त्या हसून "माय पेन राय खा" म्हणाल्या, कपडा पुसला आणि मला जागा व्हावी म्हणून आपलं स्टूल सरकवलं. सुरेखा इतकी खूश झाली, की तिनं शेंगाचटणीची पुडी त्यांच्यापुढं धरली. आजीबाईंनी तळहात हलवला, पुन्हा तेच शब्द बोलल्या आणि पुडी काही घेतली नाही.

आमचे दुभाषे हरजीतसिंग, तिथल्या कापडबाजारातच वाढलेले. त्यांनी समजावलं, "शब्दशः अर्थ, काही नाही. 'खा' बायका आदरानं जोडतात, पुरुष 'ख्रप' म्हणतात. आधी माफ केलं, आता नम्रपणे नको म्हटलं."

"एकच शब्द सगळीकडं चालवायचा, सोयीचं आहे," मी म्हणालो.

पुढं नदीवर होडी पकडायची होती, तर धो धो पाऊस आला. होडी धक्क्यालाच बांधून राहिली. मालीबाईंकडं उशीर होणार म्हणून मी नावाड्यावर तडकलो. त्यानं शांतपणे "माय पेन राय ख्रप" म्हणत तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी पुढं केल्या.

"पाऊस थांबवणं त्याच्या हातात नाही," हरजीत म्हणाले. "म्हणून म्हणतोय, जिवाला घोर लावून घेऊ नका."

"आमच्याकडं ह्याला कामचुकारपणा म्हणतात."

"मग कैरी कशाला खाताय?" सुरेखानं विचारलं.

मालीबाईंनी उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. थंड पाणी दिलं, टॉवेल गालाला लावून पाहिला, पाण्यात बुडवून पिळला आणि एक नमुना धुऊन बघायला बाजूला ठेवला. मग भाव सांगितला, तो मला कमी वाटला.

सोलापुरात अशा वेळी माणूस उठतो. माल गुंडाळतो, चार गोष्टी मोठ्यानं सुनावतो आणि दाराकडं सावकाश चालायला लागतो. उंबरा ओलांडायच्या आत मागून हाक येते, "ओ मालक, बसा की! रागावता काय?" मग चहा येतो आणि खरा भाव ठरतो. मी आयुष्यभर हेच करत वर आलोय. मी उठलो. त्यांच्या नोकर मुलींसमोर आवाज चढवला आणि बाजूला ठेवलेला नमुनासुद्धा उचलून बॅगेत कोंबला.

मालीबाई हसल्या. हात जोडून मान लववली. "माय पेन राय खा."

मी दारापर्यंत गेलो, बाहेर पायरीवर थांबलो. हाक आली नाही.

"अहो, ती बोलवायची न्हाय," सुरेखा हळूच म्हणाली.

मी परत आत गेलो, चुकलं म्हणालो. त्यांनी तेच हसून तेच शब्द उच्चारले. मी खुशीत नमुना काढून टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. एक मुलगी आमचे पाण्याचे पेले उचलून घेऊन गेली.

बाहेर आल्यावर मी हरजीतना धरलं, "माफ केलं ना? मग सौदा?"

"माफच केलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नकार तोंडानं दिला नाही. त्यांच्या माणसांसमोर तुम्ही ओरडलात, आता त्या तुमच्याशी व्यवहार करणार नाहीत. शब्दाकडं बघू नका, पुढं माणूस काय करतो ते बघा. त्या आजीबाईंनी तुमच्यासाठी स्टूल सरकवलं होतं."

परतीच्या विमानात सुरेखानं शेंगाचटणीची पुडी उघडून माझ्यापुढं धरली. ती टोमणा मारेल ह्याची मी वाट बघत होतो.

सोलापुरात आलो आणि दुसऱ्याच दिवशी शेठच्या पेढीवर गेलो. त्यांना सगळं आधीच कळलेलं.

"जमलं न्हाय व्हय? असू दे की, मनाला लावून घेऊ नका," ते प्रेमानं म्हणाले. खुर्ची दिली, चहा मागवला.

पूर्वी मी ह्या गोड बोलण्यावर खवळलो असतो. त्या दिवशी त्यांच्या हातांकडं बघत राहिलो. चहा येईपर्यंत त्यांनी आपल्या नावाच्या लेबलांचा नवा गठ्ठा खणातून काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

मी तो घेतला.