दोन सूत्रांचा दुजोरा

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नियम शिकवला गेला : एका सूत्रावर बातमी नाही. दुसऱ्यानं दुजोरा दिल्याशिवाय ओळ छापायची नाही. पुढं संगणक आले आणि बातम्या सांभाळता सांभाळता कार्यालयातल्या लिनक्स प्रणालीवरच्या यंत्रांची देखभालही माझ्याकडे आली. चूक त्या वेळची आहे.

लिनक्सची सॉफ्टवेअर एका मूळ भांडारात असतात. त्या भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला मिरर म्हणतात. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं असा मिरर ठेवला होता आणि आम्ही त्यावरूनच अपडेट घेत असू. तो सांभाळणारा लॅबचा माणूस कंत्राटी होता. कंत्राट वर्षाचं, आणि त्याच महिन्यात त्याचा निर्णय व्हायचा होता. हे मला माहीत होतं, कारण त्यानंच एकदा फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती.

मंगळवारी अपडेट करताना त्रुटी आली : हॅश सम मिसमॅच. म्हणजे उतरलेल्या यादीचा ठसा भांडाराची डिजिटल सही असलेल्या मुख्य फाईलमध्ये नोंदलेल्या ठशाशी जुळत नाही. गुरुवारी दुसरी आली : सही अवैध. तिच्यापुढं इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘की एक्स्पायर्ड’ असंही होतं. ते मी वाचलं आणि सोडून दिलं. ठसा जुळत नाही, सही अवैध. मला ही दोन सूत्रं वाटली.

शुक्रवारच्या अंकात तिसऱ्या पानावर दोन कॉलमी बातमी गेली : महाविद्यालयाच्या सर्व्हरमध्ये छेडछाड झाल्याचा संशय, संबंधित कर्मचाऱ्याच्या कामावर प्रश्नचिन्ह. लॅबमध्ये दोनदा फोन लावला होता, कुणी उचलला नाही. बातमीत ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं लिहिलं. प्राचार्यांना फोन केला नाही.

शनिवारी दुपारी लॅबचा तो माणूस कार्यालयात आला. तिशीचा, हातात घडी केलेला अंक.

“ही बातमी कुणाची?”

“माझी.”

“बरं झालं पावणं, एकदा तोंड तरी बघितलं.” खुर्ची ओढून तो माझ्या यंत्रासमोर बसला. “दावा बघू त्रुटी.”

मी दाखवली.

“ह्यात सही खोटी हाय असं कुठं म्हणलंय? सही करायच्या चावीची मुदत सरली, एवढंच. मुदत आदीच ठरल्याली असती. नवी चावी कवाच आलीया, मिररवर हाय, सहीबी दोन्ही चाव्यांची हाय. तुमी त्या नव्या चावीचं पॅकेज घेतलासा काय?”

घेतलं नव्हतं. महिनाभर ते अपडेटच्या यादीत दिसत होतं. नंतर बघू म्हणून मीच सोडत होतो.

“आणि मंगळवारचं?” मी विचारलं.

“त्ये माजं. बहिणीच्या लग्नाला कागलला गेलतो. हिकडं लाईट गेली, नक्कल अर्ध्यात थांबली. याद्या नव्या आल्या, सहीची फाईल शेवटी येती, ती जुनीच ऱ्हायली. जुळणार कसं? अर्धं ताट वाढलं म्हणून जेवणात ईख हाय म्हणतासा व्हय?”

शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर हसला. मी हसलो नाही.

त्यानं ब्राउझरमध्ये मिररचा पत्ता उघडला. सगळ्यात वर एक रिकामी फाईल होती. तिचं नावच सांगत होतं, की अपडेटचं काम चालू आहे. वीज गेल्यावर ती तशीच मागं राहिली होती, आणि तिच्यामुळं पुढची प्रत्येक नक्कल सुरू होण्याआधीच थांबत होती.

“यूपीएससाठी तीन अर्ज दिल्यात मी. त्याची बातमी करायची हुती की.”

दोन त्रुटी, दोन वेगळी कारणं, आणि एकातही छेडछाड नव्हती. एक उशीर होता, दुसरा माझा स्वतःचा आळस. दोन्हींना एकमेकांचे साक्षीदार मी केलं होतं.

सोमवारी खुलासा छापला. चार ओळी, पाचव्या पानावर, जाहिरातीखाली. प्राचार्यांना पत्रही लिहिलं, सगळं तांत्रिक स्पष्ट करून. त्यांचं उत्तर सभ्य होतं : संस्थेची बदनामी झाली आहे, मिरर बंद केला आहे, कंत्राटाबाबत निर्णय झालेला आहे.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पुण्यात मुलाखत होती. तिथल्या कुणीतरी बातमीबद्दल विचारलं होतं, म्हणून त्याला खुलाशाचं कात्रण हवं होतं. फायलीतून काढून दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं, दोनदा.

“ह्यात माजं नाव न्हाय.”

“मूळ बातमीतही नव्हतं,” मी म्हणालो. “नाव नसलेल्याचं नाव खुलाशात घेता येत नाही. तसा नियम आहे.”

“बातमीत नाव नसताना सगळ्यांनी मला वळीकलं. ह्यात कोण वळीकणार?”

संपादकांच्या लेटरहेडवर तुमच्या नावानिशी दोन ओळी लिहून देतो, असं मी म्हणायला हवं होतं. ते सुचलं तेव्हा तो जिना उतरून गेला होता. कात्रण टेबलावरच होतं.